थकबाकी हप्त्यांनी फेडण्याचा ईमेल कसा लिहावा

पुरवठादाराची थकबाकी हप्त्यांनी फेडू द्यावी असे सांगणाऱ्या तुमच्या ईमेलच्या मसुद्यात, पैसे थकण्याचे कारण म्हणून 'काही तांत्रिक अडचणींमुळे' असे लिहिले आहे, ते आधी काढून टाका, कारण असली वाक्ये पुरवठादाराने शंभरदा वाचलेली असतात. त्याऐवजी, मोठ्या ग्राहकाकडून यायचे पैसे अडकल्यामुळे आणि पगार व बँकेचा हप्ता आधी भागवावा लागल्यामुळे खात्यात शिल्लक उरली नाही, हे खरे कारण सरळ सांगा. मात्र ग्राहकाचे नाव लिहू नका.

बिल क्रमांक व तारखांसह एकूण थकबाकी 2,40,000 रुपये मान्य करा. त्यातले 40,000 आजच भरून यूटीआर क्रमांक त्याच ईमेलमध्ये द्या. माझ्या मते पुरवठादाराचा विश्वास याच ओळीवर बसतो. उरलेल्या दोन लाखांचे 50,000 चे चार हप्ते दरमहा 10 तारखेला ठेवा, कारण तुमची वसुली 5 तारखेच्या सुमारास होते. हप्ता मोठा दाखवून दुसऱ्याच महिन्यात चुकवलात, तर पुढचा माल रोखीनेच घ्यावा लागेल.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर लेखी करार असला तरी 45 दिवसांनंतर कायद्याने चक्रवाढ व्याज लागते. म्हणून व्याजाबद्दलही ईमेलमध्येच स्पष्ट विचारा आणि वेळापत्रकाला लेखी होकार मागा.