फिके रंग घ्या, पण आकाशी नको

उन्हाळ्यासाठी फिक्या रंगांचे शर्ट घ्यायचं ठरवलंत ते बरोबरच, कारण ते ऊन परतवतात. फक्त फिका म्हणजे घाम न दिसणारा, असं नाही. नवीन माणूस हमखास आकाशी किंवा फिका राखाडी शर्ट उचलतो आणि दुपारी काखेत गडद चकती उमटते. ओल्या कापडावरून प्रकाश कमी विखुरतो, म्हणून ते गडद दिसतं. पांढऱ्यात हा फरक सर्वात कमी, राखाडी आणि आकाशीत ठळक.

सुरुवातीला एवढंच पाहा:

- पांढरा, मोतिया किंवा अगदी फिका क्रीम. पिस्ता आवडत असेल तर एकसारखा रंग न घेता बारीक चौकडी किंवा छापील बुट्टे घ्या. डाग नक्षीत हरवतो.
- पातळ सुती किंवा लिनन, काखेत सैल. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, तिथे हे रंगाइतकंच महत्त्वाचं.
- पांढरं ओलं झालं की पारदर्शक होतं. आत पांढरा बनियन उठून दिसतो, त्वचेच्या रंगाचा दिसत नाही.

घरातल्या शर्टावर करून बघा: आतून कडेला पाण्याचं बोट लावा, दोन हात लांबून बाहेरून पाहा. आकाशीवर ठिपका लगेच कळेल, मोतियावर शोधावा लागेल.

काखेतले पिवळे डाग मात्र वेगळे. घाम रोखणाऱ्या डिओमधलं अॅल्युमिनियम घामात मिसळून ते बहुतेकदा पडतात आणि पांढऱ्यावरच जास्त दिसतात. डिओ पूर्ण वाळल्यावरच शर्ट चढवा, आणि संध्याकाळी लगेच पाण्यात टाका.