रीलचे पहिले तीन सेकंद: वाचकांचे प्रश्न

दापोलीजवळ आमचा घरगुती होमस्टे आहे. रीलच्या सुरुवातीला ड्रोनने घेतलेला समुद्र टाकतो, तरी लोक लगेच पुढे सरकतात. काय चुकतं?

रील आवाज बंद करून लावा आणि शून्य, एक, दोन, तीन सेकंदांवर थांबवा. प्रत्येक वेळी चौकटीत काय दिसतं ते कागदावर लिहा. तुमच्या वर्णनावरून यादी अशी होईल: समुद्र, समुद्र, समुद्र आणि होमस्टेचं नाव. वरून पाहिलेला किनारा मुरुडचा की गुहागरचा, हे परक्याला कळत नाही, त्यामुळे पुढे काय येणार याची उत्सुकताही वाटत नाही.

आता हीच दृश्यं फिरवून पाहा. शून्यावर तव्यावरून घावन सुटतंय. एकावर अक्षरं येतात, ‘ही न्याहारी कुठे बसून खायची?’ दोनावर ताट घेऊन कुणीतरी ओटीवर येतं आणि तिसऱ्या सेकंदाला ड्रोनचा समुद्र. शॉट तोच, पण आता तो उत्तर म्हणून येतो. माझ्या मते ड्रोनची खरी जागा तीच.

मालवणात रापण ओढतानाचं रील केलं. भराभर कट टाकूनही ते संथ का वाटतं?

कट मोजताना चौकटीतली हालचाल मोजायची राहते. रापणीत दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात, जाळं हळूहळू जवळ येतं, ताण त्यातच असतो. प्रत्येक कटला तो तुटतो. व्हीएलसीमध्ये `E` दाबत एकेक फ्रेम पुढे जा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर आठ फ्रेमचा शॉट जेमतेम पाव सेकंद टिकतो, तेवढ्यात जाळ्यात बांगडा आहे की पेडवे हे ओळखू येत नाही. प्रत्येक कटनंतर नवीन काय कळलं ते लिहा. जिथे काहीच लिहिता येत नाही, तो कट काढा. दोर ओढणारे पाय तीन सेकंद सलग ठेवले तरी चालतील.

कॅप्शन एकेक शब्द उडवावं की पूर्ण ओळ?

पहिल्या तीन सेकंदांत चार-पाच शब्दांची पूर्ण ओळ. तळाशी नको, तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येतो. पांढरी अक्षरं वाळूवर विरतात, मागे गडद पट्टी द्या. वेलांट्या-उकार एकमेकांत जाऊ नयेत म्हणून दोन ओळींत अंतर हवं. ओळ जाण्याआधी दोनदा वाचून होते का, हे घरातल्या वयस्कर माणसाकडून तपासा.

दोन रील टाकली, एकाला जास्त व्ह्यूज. म्हणजे त्याचा हूक चांगला?

व्ह्यूजवरून ते ठरत नाही. एक रील गणपतीत टाकलं असेल, तर गावाकडच्या ओढीनं मुंबईचे चाकरमानीही ते पाहतील. इनसाइट्समधला प्रेक्षक किती टिकले याचा आलेख उघडा. घसरण पहिल्याच सेकंदात असेल तर पहिली चौकट बदला. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला असेल, तर चौकटीनं थांबवलं पण पुढचं दृश्य त्याला जुळलं नाही. तुलना करायची तर बाकी रील तसंच ठेवून फक्त सुरुवात बदला. पाहणाऱ्यांत अनुयायी किती आणि परके किती, तेही बघा, कारण ओळखीची माणसं कोणत्याही सुरुवातीला थांबतात.