‘तू खचलास तर घराचं कसं होणार?’

“वडील गेल्यापासून मला झोप नाही, कशात मन लागत नाही. घरात सांगितलं की एकच उत्तर, ‘खंबीर हो. तू खचलास तर घराचं कसं होणार?’ डॉक्टरकडे जावं असं वाटतं, पण कुणाला कळलं तर बहिणीचं लग्न अडेल. काय करू?”

हे शब्द एका एकोणतीस वर्षांच्या मुलाचे. त्याला संदीप म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव, तालुक्याच्या पतसंस्थेत कारकुनाची नोकरी, घरी आई, लग्नाची बहीण आणि शेजारच्याच घरात थोरले चुलते. वडील जाऊन सात महिने झाले होते. ‘संस्थेच्या कामाला जातो’ असं घरी सांगून तो एसटीनं माझ्याकडे समुपदेशनाला आला. अशी मुलं-मुली माझ्याकडे सतत येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुःख सात महिने टिकणं यात आजार काहीच नाही. पण दुःख लाटांसारखं येतं. आठवण आली की भरून येतं आणि मधल्या वेळात माणूस जेवतो, एखाद्या गोष्टीवर हसतोही. संदीपला असा मधला वेळच उरला नव्हता. पहाटे साडेतीनला जाग यायची, ती कायमची. वजन सहा किलो उतरलं होतं. रोकड जुळवताना चुका व्हायच्या आणि प्रत्येक चुकीनंतर आपण कुणाच्याच कामाचे नाही ही खात्री आणखी पक्की व्हायची. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज असं चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि ते तपासून घ्यायला हवं.

मी त्याला सरळ विचारलं, “मरून जावं असं वाटतं का?” असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, “वाटतं. पण काही ठरवलं नाही.” घरात फवारणीचं औषध होतं. ते त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात जायला हवं होतं, आणि त्यासाठी घरातलं कुणीतरी यात घेणं भाग होतं. त्याच्या संमतीनं मी त्याच्यासमोरच चुलत्यांना फोन लावला. औषध संध्याकाळपर्यंत हललं आणि दोन दिवसांनी चुलते आणि आई माझ्यासमोर बसले होते.

चुलत्यांनी बसल्या बसल्या सुरुवात केली. “मॅडम, आमच्यात असलं कुणी नाही. माझा बाप गेला तवा मी सोळा वर्षांचा हुतो. दुसऱ्या दिवशी औत धरलं. यानं जरा मन घट्ट करावं, बास.”

मी वाद घातला नाही. विचारलं, “बरोबर. मग उद्या सकाळी उठल्यापासून त्यानं काय काय करायचं ते सांगा. मी लिहून घेते.”

ते बोटांवर मोजत सांगू लागले. वेळेत उठायचं, धारा काढायच्या, आंघोळ, डबा घेऊन कामावर जायचं, पगार आईच्या हातात द्यायचा, बहिणीच्या स्थळाचं बघायचं, पाहुण्यांत हसून बोलायचं. मी लिहिलं आणि कागद संदीपकडे दिला.

तो म्हणाला, “तात्या, ह्यातलं सगळं मी रोज करतोय.”

खोलीत कुणी बोलेना. मग तात्यांनी माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, “मग कमी काय पडतंय रं?”

सात महिन्यांत त्याला घरातून आलेला हा पहिला प्रश्न होता. त्याआधी सगळे हुकूमच होते. इतक्या वर्षांच्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे: ‘खंबीर हो’ म्हणणाऱ्याला तो हुकूम कृतीत मांडायला लावा. त्याला आपोआप दिसतं की समोरचा जिवाच्या करारावर सगळं करतोच आहे आणि प्रयत्न वाढवून हे सुटणार नाही. मी एकट्या माणसापेक्षा घराकडे बघून काम करणारी आहे. हा हुकूम कठोरपणातून येतो असं मला क्वचितच दिसलं. त्यामागे बहुधा भीती असते. थोड्या वेळानं तात्याच म्हणाले, “भाऊ गेला. आता ह्यो बी हातातनं जातो का काय, म्हणून बोलत हुतो.” आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, “तो साडेतीनला उठतोय ते म्हाईत हाय मला. मी बी जागीच असत्ये.”

तुम्हाला घरी बोलायचं असेल तर आजाराच्या नावानं सुरुवात करू नका. चौदा दिवस वहीत लिहा: किती वाजता झोपलो, कधी जाग आली, किती जेवलो, कामात काय चुकलं. घरातल्या सगळ्यांना एकदम सांगू नका; जो ऐकून घेईल असा एकच माणूस निवडा, त्याला वही दाखवा आणि एकच मागणं करा, “माझ्याबरोबर दवाखान्यात चल.” ‘मला समजून घ्या’ यापेक्षा हे मागणं घरच्यांना सोपं जातं.

‘लोक’ म्हणून जी भीती असते ती उलगडली की बहुतेकदा तीनच गोष्टी निघतात: लग्न, नोकरी आणि गोळ्यांची सवय. पहिल्या दोन्हींसाठी हे माहीत असू द्या की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ती बाहेर जात नाही. अठरा वर्षांवरच्या माणसाला बाह्यरुग्ण विभागात दाखवायला घरच्यांची सही लागत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, इतर आजारांसारखंच.

आता गोळ्या. त्या मी देत नाही, मानसोपचारतज्ज्ञ देतात. संदीपला त्यांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा येतो. मग नैराश्यावरची गोळी सुरू झाली. पहिला आठवडाभर त्याला मळमळ होती आणि मनाला फरक शून्य. इथेच अनेक जण ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू. या गोळ्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण एकदम तोडल्या तर चक्कर, अस्वस्थता होते. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

घरचे ऐकतच नसतील तर त्यांच्या परवानगीसाठी थांबू नका. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचा विचार ठरू लागला असेल तर मात्र एकटं राहू नका. कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

पाचव्या आठवड्यात संदीप पहिल्यांदा पाचपर्यंत झोपला. पाहुण्यांना काय सांगायचं, हा प्रश्न तात्यांनीच मिटवला. ते सांगतात, “झोपेचा त्रास हुता, औषध चालू हाय.” हे खरंही आहे आणि पाहुण्यांना एवढं पुरतं. बहिणीचं स्थळ बघायचं काम सध्या तात्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.