वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिलिंग आणि बाळाची दुपारची झोप: शेजाऱ्यांना चिठ्ठी कशी लिहावी?

*प्रश्न: आमच्या वरच्या फ्लॅटचं रिनोव्हेशन सुरू झालंय. मुलगी ९ महिन्यांची आहे, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच ड्रिल सुरू होतं. शेजारच्या घरातली मोठ्या आवाजातली गाणी वेगळीच. संबंध न बिघडवता दुपारपुरतं थांबा असं चिठ्ठीत कसं लिहू?*

चिठ्ठी लिहायच्या आधी दोन गोष्टींची खात्री करून घ्या. आवाज नक्की कुठून येतोय आणि तो कुठल्या मशीनचा आहे. ‘फार आवाज होतो, जरा कमी करा’ एवढंच लिहिलं तर समोरचा माणूस ‘हो, सांगतो’ म्हणतो आणि मिस्त्रीला काय सांगायचं हे त्यालाच कळत नाही. मग काहीच बदलत नाही. कुठलं मशीन, कुठल्या वेळेत, किती दिवस, एवढं स्पष्ट लिहिलं की तीच गोष्ट मिस्त्रीला एका वाक्यात सांगता येते.

घर बरोबर ओळखणं वाटतं तितकं सोपं नसतं. काँक्रीटच्या इमारतीत ड्रिलचा कंप स्लॅब, बीम आणि कॉलममधून पसरतो, त्यामुळे दोन मजले वरचं किंवा शेजारच्या विंगमधलं काम अगदी डोक्यावर चालल्यासारखं वाटतं. आवाज सुरू असताना जिन्याने वर जाऊन प्रत्येक दारासमोर क्षणभर थांबा, किंवा वॉचमनला विचारा. गोण्या कुठल्या मजल्यावरून उतरतायत हे त्याला माहीत असतं. चुकीच्या घरी चिठ्ठी गेली तर ते उगाच दुखावतात आणि खरं काम चालूच राहतं.

आता मशीन. तोडफोडीसाठी ब्रेकर वापरतात. त्याचा सलग ठकठक आवाज येतो आणि भिंतीला तळहात लावला तर हादरा जाणवतो. हॅमर ड्रिल थोडा वेळ घरघरतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. हे दोन्ही आवाज काँक्रीटमधून येतात, म्हणून खिडक्या-दारं लावून फारसा फरक पडत नाही. टाइल कापायचं कटर मात्र कर्कश चिरका आवाज करतं आणि तो मुख्यतः हवेतून, म्हणजे खिडकीतून येतो. तिथे उपाय वेगळा: झोपेच्या खोलीच्या त्या बाजूच्या खिडक्या तुम्ही लावून घ्यायच्या आणि त्यांना कटर लांबच्या खोलीत किंवा गच्चीवर चालवायची विनंती करायची. कटरसाठी काम थांबवायला सांगायची गरज सहसा पडत नाही, आणि जे थांबवायची गरज नाही ते मागू नये.

वेळ ठरवणं हा या चिठ्ठीचा गाभा आहे. बहुतेक जण ‘१२ ते ४ आवाज नको’ असं लिहितात आणि तिथेच नकार ओढवून घेतात. मजूर रोजावर असतील तर चार तास बसून राहिलेल्या माणसांचे पैसे घरमालकाच्या खिशातून जातात, आणि काम ठेक्यावर असेल तर ठेकेदार ऐकतच नाही. म्हणून आधी मुलीची झोप चार-पाच दिवस टिपून ठेवा: कधी झोपली, कधी उठली. ९ महिन्यांच्या बाळाची दुपारची झोप बहुधा दीड ते दोन तासांत आटोपते. समजा ती १ ते ३ अशी निघाली. मजुरांची जेवणाची सुट्टी बहुतेक ठिकाणी १ ते २ असते, म्हणजे मागायचा राहिला २ ते ३ हा एकच तास. सुट्टी दीडला होत असेल तर मुलीला रोज दहा-दहा मिनिटं उशिरा झोपवत तीन दिवसांत दीडवर आणता येतं. एवढ्या लहान बदलाशी बहुतेक बाळं जुळवून घेतात.

याच वेळी सोसायटीच्या ऑफिसमध्येही चौकशी करा. फ्लॅटमध्ये काम काढायचं तर सोसायटीला कळवून परवानगी घ्यावी लागते, आणि अनेक सोसायट्या त्या पत्रातच कामाच्या वेळा लिहून देतात. २ ते ४ मशीन बंद, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते, फक्त ती मिस्त्रीपर्यंत पोचलेली नसते. अट असेल तर जेवणाची सुट्टी धरून तुम्हाला १ ते ४ अशी सलग शांतता मिळू शकते. चिठ्ठीत मात्र ‘नियम मोडताय’ असं लिहू नका. ‘परवानगीपत्रात २ ते ४ ची वेळ आहे, ती मिस्त्रींना कळवाल का’ एवढं पुरतं.

तो एक तास मजुरांनी काय करायचं हेही तुम्हीच सुचवा. माझ्या मते हे वाक्य चिठ्ठीत सर्वांत जास्त काम करतं. राडारोडा गोण्यांत भरणं, माप घेणं आणि आखणी करणं, वायर ओढणं, पाइप जोडणं, पुट्टी मारणं, वॉटरप्रूफिंगचा हात देणं, टाइलच्या सांध्यांत ग्राउट भरणं ही सगळी कामं करावीच लागतात आणि त्यांना मशीन लागत नाही. ती त्या तासात सरकवली की मालकाचं काम अडत नाही.

चिठ्ठी अशी लिहिता येईल. मजकूर तसाच वापरा, वेळा आणि फ्लॅट नंबर तुमचे घाला:

> नमस्कार काका,
>
> आम्ही ३०२ मध्ये राहतो, तुमच्या बरोबर खाली. तुमच्या घराचं काम सुरू झालेलं कळलं, ते छान आणि वेळेत पार पडो.
>
> एक विनंती होती. आमची मुलगी ९ महिन्यांची आहे आणि दुपारी १ ते ३ झोपते. तेवढ्या वेळात ब्रेकर आणि ड्रिल बंद ठेवता आलं तर आम्हाला फार मदत होईल. १ ते २ मिस्त्रींची जेवणाची सुट्टी असतेच, म्हणजे अडचण २ ते ३ या तासाचीच आहे. त्या वेळात गोण्या भरणं, आखणी, वायर ओढणं अशी कामं घेता आली तर तुमचाही खोळंबा होणार नाही. बाकी दिवसभर काम चालू राहू द्या, आमची काही हरकत नाही.
>
> ही वेळ गैरसोयीची असेल तर सांगा, आम्ही तिची झोप अर्धा तास मागेपुढे करू. एखाद्या दिवशी थांबणं शक्यच नसेल तर सकाळी एक मेसेज करा, आम्ही तिला घेऊन बाहेर जाऊ. तोडफोड साधारण कधीपर्यंत चालेल तेही कळवाल का?
>
> (दोघांची नावं, ३०२, फोन नंबर)

शेजारी तुमच्याच वयाचे असतील तर ‘काका’च्या जागी नाव आणि ‘जी’ न लावता सरळ ‘दादा’ किंवा ‘ताई’ लिहा. फार औपचारिक झालं की ती तक्रार वाटते. ‘बाकी दिवसभर काम चालू राहू द्या’ हे वाक्य गाळू नका. त्याने मागणी किती मर्यादित आहे हे कळतं. ‘बाळाच्या तब्येतीवर परिणाम होतोय’, ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ असली वाक्यं खरी असल्याशिवाय घालू नका.

तोडफोडीची तारीख विचारण्यामागे हिशोब आहे. सगळ्यांत वाईट आवाज तोडफोडीचा असतो आणि तो टप्पा लहान असतो. एका बाथरूमची तोडफोड साधारण दोन-तीन दिवसांत उरकते. त्या दिवसांची तारीख आधी कळली तर दुपारी मुलीला आजीकडे किंवा पलीकडच्या विंगमधल्या ओळखीच्या घरी झोपवायची सोय करता येते, आणि चिठ्ठीतली सवलत पुढच्या लांबलचक दिवसांसाठी शिल्लक राहते.

चिठ्ठी हातात द्या, शक्यतो संध्याकाळी, मुलीला कडेवर घेऊन. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर कधीही टाकू नका. चार लोकांसमोर सांगितलेली विनंती आरोपच होते, आणि मग समोरच्याला स्वतःची बाजू मांडणं भाग पडतं. काम चालू असताना मालक बहुतेक वेळा दुसरीकडे राहायला गेलेले असतात. अशा वेळी बंद दाराला लावलेली चिठ्ठी सिमेंटच्या धुळीत जाते. सेक्रेटरींकडून नंबर घ्या आणि हाच मजकूर त्यांना खासगी मेसेजने पाठवा.

ते ‘हो’ म्हणाले की अर्धंच काम झालं, कारण मशीन मालक चालवत नाही. त्यांची परवानगी घेऊन कामाच्या जागी, जिथे ड्रिलचं प्लग लागतं त्या बोर्डाशेजारी, जाड मार्करने लिहिलेला एक कागद चिकटवा: ‘दोपहर १ से ३ मशीन बंद. नीचे छोटा बच्चा सोता है.’ मिस्त्री ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत लिहा. मिस्त्रींना तोंडीही सांगा, ‘भैया’ किंवा ‘दादा’ म्हणून, आणि हो म्हटल्याबद्दल आभार माना.

बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था पहिल्या आठवड्यात चालते आणि मग अचानक मोडते. कारण साधं असतं: तोडफोड करणारी टोळी गेली, टाइलवाला आला, त्याच्यानंतर इलेक्ट्रिशियन आणि सुतार. नव्या माणसाला कोणीच सांगितलेलं नसतं. दुपारी पुन्हा ड्रिल वाजलं तर मालकांनी शब्द फिरवला असं धरून बसू नका. वर जा, नवीन माणूस आलाय का बघा, कागद जागेवर आहे का बघा. सुतारांच्या वेळी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: कपाटं आणि पडद्याचे रॉड बसवताना भिंतीला भोकं पाडायची असतात, ती सगळी सकाळच्या वेळेतच पाडून घेता येतात.

शेजारच्या गाण्यांसाठी वेगळी, दोन ओळींची चिठ्ठी करा, एकाच कागदावर दोन घरांच्या तक्रारी नकोत. गाण्यात त्रास देतो तो बहुधा बास. तो भिंतीतून आणि जमिनीतून येतो, म्हणून आवाज थोडा कमी करूनही धडधड राहतेच. ‘१ ते ३ बास कमी ठेवता येईल का, आणि वूफर आमच्या सामायिक भिंतीपासून हलवून खाली जाड रबरी मॅट घालता येईल का’ असं विचारा. गाणी बंद करायला सांगण्यापेक्षा हे पटकन मान्य होतं.

चार-पाच दिवस थांबूनही काहीच फरक पडला नाही तर आणखी एकदा मालकांशी फोनवर बोला, आणि त्यानंतरच सेक्रेटरींना लेखी द्या. सोबत तारीख, वेळ आणि मशीन अशी तीन रकान्यांची यादी जोडा. कायद्याचा आधार दुपारसाठी तोकडा आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण सकाळी ६ ते रात्री १० हा सगळा काळ ‘दिवस’ धरला जातो. दुपारच्या झोपेला वेगळं संरक्षण नाही. म्हणून कामाच्या वेळा पाळायला लावण्याचा तुमचा खरा आधार सोसायटीचं परवानगीपत्रच आहे, आणि त्यात दुपारची वेळ नसेल तर ती घालावी असा अर्ज पुढच्या कमिटी मीटिंगच्या आधी देऊन ठेवा. इमारतीत लहान बाळं आणि आजारी ज्येष्ठ असलेली आणखी घरं असतील, त्यांच्याही सह्या घ्या.