प्रिव्ह्यू लिंक आणि अप्रूव्हल

प्रश्न: पुल रिक्वेस्टला लागलेल्या प्रिव्ह्यू लिंकवर पान नीट दिसलं, तर अप्रूव्ह करायला हरकत नाही ना?

लगेच नको, ती लिंक शेवटच्या कमिटचीच आहे का, हे आधी बघा. व्हर्सेलवर ब्रँचचा पत्ता शेवटच्या यशस्वी बिल्डकडे बोट दाखवतो. नव्या कमिटचा बिल्ड फसला तरी तो पत्ता जुनं पान बिनतक्रार उघडून देतो. सोलापुरात चादरींच्या दुकानाच्या साइटवर काम करताना आमची अशीच फसगत झाली. बटणावरचं ‘घ्या’ बदलून ‘खरेदीच्या पिशवीत टाका’ केलं होतं, त्या कमिटचा बिल्ड टाइपच्या चुकीने पडला आणि मी जुनंच बटण बघून होकार दिला. चूक दुरुस्त होऊन मर्ज झाल्यावर ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर बटण दोन ओळींत मोडलं आणि किमतीवर चढलं. बिल्ड पडलाय हे लिंकवरून कळलंच नसतं, कळलं असतं ते कमिटशेजारच्या लाल फुलीवरून.

म्हणून मी आता असं करतो:

- शेवटच्या कमिटशेजारी हिरवी खूण आहे का बघतो, मग त्याच डिप्लॉयमेंटचा स्वतंत्र पत्ता उघडतो. तो पुढच्या कमिटने बदलत नाही.
- रुंदी ३६० करून बदललेलं पान सर्वांत लांब मराठी मजकुरासह बघतो, आणि आतल्या पानावर रिफ्रेश करून ते पुन्हा उघडतं का बघतो.

मात्र प्रिव्ह्यूची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बहुधा वेगळी असतात, त्यामुळे पेमेंट किंवा लॉगिन तिथे चाललं म्हणजे प्रॉडक्शनवरही चालेल असं धरू नका.