ट्रेंडिंगची लिस्ट नेमकी बनते कशी? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी ट्रेंडिंगचा विषय नुसता निघाला आणि प्रश्नांचा ढीग पडला. बरेचसे एकसारखे होते म्हणून पाच निवडलेत. बहुतेकांनी एक्सबद्दल, म्हणजे जुन्या ट्विटरबद्दल विचारलंय, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः त्याचीच.

प्रश्न: आमच्या टॅगवर दिवसभरात ४० हजार पोस्ट पडल्या तरी लिस्टमध्ये नाही, आणि ८ हजारवाला कुठलातरी टॅग ३ नंबरला. हे काय लफडं आहे?

लफडं नाही हो. तुम्ही बेरीज बघताय आणि लिस्ट बघते वाढ. नुसती बेरीज धरली असती तर रोज सकाळी #शुभसकाळ, मग दोन-चार नेत्यांची नावं, संध्याकाळी क्रिकेट, अशी तीच ती लिस्ट बारा महिने दिसली असती. ट्विटरला हा त्रास खरंच झालाय, जस्टिन बीबरचे फॅन दिवसरात्र त्याचं नाव टाइप करायचे आणि तो लिस्टवरून हलायचाच नाही. मग २०१० मध्ये त्यांनी हिशोब बदलला, किती लोक बोलतायत यापेक्षा अचानक किती जास्त लोक बोलायला लागले याला वजन दिलं, आणि बीबर खाली आला.

कंपन्या आपलं नेमकं सूत्र छापत नाहीत, पण अशा मोजणीचा गाभा साधारण असा असतो:

```
score = (now - usual) / sqrt(usual + 10)
```

`now` म्हणजे या तासात आलेल्या पोस्ट, `usual` म्हणजे या वाराला या वेळेला एरवी येतात तेवढ्या. आता आकडे घालून बघू, आकडे माझ्या मनाचे आहेत. तुमच्या टॅगवर एरवी तासाला १५०० पोस्ट येतात आणि आत्ता १७०० आल्या. फरक २००, खाली १५१० चं वर्गमूळ साधारण ३९, स्कोर ५ च्या आसपास. दुसऱ्या टॅगवर एरवी तासाला २० यायच्या आणि आत्ता ९०० आल्या. फरक ८८०, खाली ३० चं वर्गमूळ साडेपाच, स्कोर १६०. दिवसाची बेरीज तुमची मोठी, पण स्कोरमध्ये तुम्ही कुठेच नाही. वर्गमूळ कशाला, तर जिथे रोज १५०० येतात तिथे पाचपन्नास इकडेतिकडे होणारच, तेवढ्या हेलकाव्याला बातमी समजायचं नाही म्हणून.

आणि तो `+10` उगाच लावलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका न्यूज पोर्टलसाठी मी असाच छोटा काउंटर लिहिला होता आणि हे १० टाकायलाच विसरलो. पहाटे ३ वाजता कोणाच्यातरी लग्नाचे फोटो पाच पाहुण्यांनी एका टॅगखाली टाकले, एरवीचा आकडा जवळपास शून्य, त्यामुळे स्कोर आभाळाला भिडला आणि सकाळी आमच्या लिस्टवर १ नंबरला नवरानवरीचा टॅग! संपादकांनी विचारलं हे सेलिब्रिटी कोण. तेव्हापासून मी खाली एक आकडा धरतो आणि वर अटही घालतो की किमान इतक्या वेगवेगळ्या अकाउंटवरून पोस्ट आल्या पाहिजेत, एकाच माणसाने शंभर वेळा टाकलं तरी तो एकच.

प्रश्न: मी साताऱ्यात राहते पण मला मुंबईचे ट्रेंड दिसतात, आणि नागपूरच्या बहिणीच्या लिस्टमधलं निम्मं माझ्याकडे नसतंच. असं का?

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत ताई. आधी बहिणीचं. एक्स प्रत्येक जागेची मोजणी वेगळी करतं, शहरानुसार ट्रेंड २०१० पासूनच आहेत. मुद्दा हा की मघाचं `usual` प्रत्येक जागेचं आपलं आपलं असतं.

समजा नागपुरात संध्याकाळी गारपीट झाली आणि ६० जास्तीच्या पोस्ट पडल्या. नागपुरात हा शब्द एरवी तासाला ४ वेळा येतो असं धरा, मग आज ६४. साठ भागिले १४ चं वर्गमूळ, स्कोर १६. तेच ६० पोस्ट देशाच्या हिशोबात टाका, तिथे एरवी कुठे ना कुठे गारांवर तासाला ४०० पोस्ट चालूच असतात असं समजू, मग साठ भागिले ४१० चं वर्गमूळ, स्कोर जेमतेम ३. म्हणजे तीच घटना, त्याच पोस्ट, पण नागपूरच्या लिस्टवर वर आणि देशाच्या लिस्टवर पत्ताच नाही. मग तुम्हाला ते दिसणार कुठून? याची दुसरी बाजू म्हणजे छोट्या जागेची लिस्ट हलकी असते, साठ-सत्तर माणसं ती हलवू शकतात.

बरं, ही पोस्ट नागपूरची हे कळतं कसं? पोस्टला लोकेशन जोडणारे लोक फारच थोडे. बाकीच्यांचं प्रोफाइलमध्ये लिहिलेलं गाव, नाहीतर इंटरनेट कनेक्शनवरून अंदाज. आणि आपल्या लोकांनी प्रोफाइलमध्ये गावाच्या जागी लिहिलेलं असतं "सह्याद्रीच्या कुशीत" किंवा "आईच्या काळजात", त्याचं मशीन काय करणार कपाळ.

आता तुमची मुंबई. ट्रेंडसाठी निवडता येणाऱ्या शहरांत सगळी गावं नसतात, मग तुम्हाला दुसरं मोठं शहर नाहीतर आख्खा देश मिळतो. शिवाय मोबाइल डेटा वापरताना तुमचं कनेक्शन कंपनीच्या मोठ्या शहरातल्या यंत्रणेतून बाहेर पडतं, त्यामुळे आयपी अॅड्रेसवरून बघणाऱ्याला साताऱ्याचा माणूस मुंबईचा वाटू शकतो. एक्सप्लोरच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन हाताने पुणे करून बघा, लिस्ट लगेच बदलली तर कारण हेच. दुबईतल्या मराठी मंडळींचंही असंच, त्यांनी गणपतीच्या कितीही पोस्ट टाकल्या तरी लोकेशन दुबईचं लागलं तर मोजल्या जाणार दुबईच्या खात्यात, पुण्याची लिस्ट त्याने हलत नाही.

प्रश्न: एकच घर, एकच वायफाय, तरी नवऱ्याच्या फोनवर शेअर मार्केट आणि माझ्या फोनवर मराठी सिरीयल. मग खरी लिस्ट कोणाची?

दोघांचीही आणि कोणाचीच नाही. २०१२ पासून ट्विटरने लोकेशनसोबत तुम्ही कोणाला फॉलो करता हेही धरायला सुरुवात केली. आधी जागेनुसार वर आलेल्या विषयांचा मोठा गठ्ठा, मग त्यातलं काय वर आणि काय खाली हे तुमच्या वागण्यावरून. नवरा मार्केटवाल्यांना फॉलो करतो म्हणून गठ्ठ्यातला तो विषय त्याच्याकडे वर सरकला, इतकंच.

खात्री करायची तर दोघांच्या फोनवर `For you` सोडून `Trending` टॅब उघडा आणि लोकेशन एकच ठेवा, दोन्ही लिस्ट बऱ्यापैकी जुळतील. थोडा फरक तरी राहिला तर एकाने दहा मिनिटं आधी उघडलंय का बघा, लिस्ट सतत नव्याने मोजली जाते. प्रत्येक ठिकाणी असंच असतं असंही नाही, यूट्यूबचं ट्रेंडिंग पान एका देशात सगळ्यांना सारखंच दिसायचं, अकाउंट कोणाचंही असो. ते पान त्यांनी २०२५ मध्ये बंदच केलं.

प्रश्न: आमच्या मंडळाने महिनाभर आधी टॅग ठरवला, सगळ्यांना रोज पोस्ट करायला सांगितलं, आणि मेन दिवशी ट्रेंड झालाच नाही. कुठे चुकलं?

रोज पोस्ट केलं तिथेच चुकलं! महिनाभर रोज टाकून तुम्ही स्वतःच आपलं `usual` वाढवून ठेवलंत. समजा रोज तासाला २०० पडत होत्या आणि मेन दिवशी ३०० पडल्या, स्कोर ७. हाच टॅग कोरा ठेवला असता आणि त्याच ३०० पोस्ट पहिल्यांदा पडल्या असत्या तर स्कोर ९५. हळूहळू वाढणाऱ्या गोष्टीचं हे दुखणं जुनंच आहे, २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनाचा टॅग तिथल्याच लिस्टवर दिसेना तेव्हा लोकांनी ट्विटरवर दाबादाबीचा आरोप केला होता, पण आकडे तपासणाऱ्यांना दिसलं ते असं की चर्चा रोज सावकाश चढत गेली होती, उसळी अशी नव्हती.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अजून एक गोष्ट दिसली, आणि मला वाटतं ती जास्त महागात पडली. तुमचा टॅग #गावकऱ्यांचाबाप्पा. हा "ऱ्या" काही कीबोर्डवर नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त लावून येतो, आणि काहींवर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा येतो. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द! युनिकोडचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जगभरच्या पद्धतीचं, नेहमीचं सारखं-करणं लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, सिस्टिमने मुद्दाम वेगळा नियम लिहिला तरच. त्यात काहींनी इंग्रजी स्पेलिंग वापरलेलं, त्यातही एकाने `Gavkaryancha` आणि दुसऱ्याने `Gaokaryancha`. म्हणजे ३०० पोस्ट चार खात्यांत वाटल्या गेल्या. पुढच्या वर्षी टॅगमध्ये ऱ्या घेऊच नका, आणि घ्यायचाच असेल तर कोणालाही टाइप करू देऊ नका, ग्रुपवरून कॉपी-पेस्ट करायला सांगा.

प्रश्न: पैसे देऊन ट्रेंड विकत मिळतो म्हणतात. खरं आहे?

उघड जाहिरात म्हणून मिळतो, त्याला प्रमोटेडचा शिक्का असतो. चोरून मिळणारा प्रकार जास्त बघण्यासारखा आहे. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या ईपीएफएल संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तुर्कस्तानच्या ट्रेंडवर पेपर काढला. तिथली पद्धत अशी की हॅक झालेल्या बऱ्याच अकाउंटवरून एकाच वेळी एक टॅग टाकायचा, सोबत डिक्शनरीतले कुठलेही शब्द चिकटवायचे म्हणजे प्रत्येक पोस्ट वेगळी दिसते, आणि लगेच सगळं डिलीट करायचं. लिस्ट मोजणारा प्रोग्राम आलेल्या पोस्ट मोजायचा पण डिलीट झालेल्या वजा करत नव्हता! अकाउंटच्या मालकालाही पत्ता लागायचा नाही कारण त्याच्या पानावर काही उरायचंच नाही. तुर्कस्तानच्या रोजच्या टॉप ५ ट्रेंडपैकी ४७ टक्के असे बनावट निघाले.

ओळखायचं कसं, तर ट्रेंडवर टॅप करा, `Latest` मध्ये जा आणि खाली स्क्रोल करत सुरुवातीपर्यंत पोचायचा प्रयत्न करा. खऱ्या घटनेत तिथे कोणीतरी पहिला माणूस सापडतो, "आमच्याकडे लाइट गेली, कोणाकडे गेलीये का" टाइपचा. बनावट असेल तर सुरुवात गायब असते, आणि ज्या पोस्ट सापडतात त्यात लोक एकमेकांना विचारत असतात की हे ट्रेंड का होतंय.