सर्टिफिकेटवरचा गर्डल आधी वाचा

भाऊ, जळगावच्या सराफात एक कॅरेटचा गोल हिरा बघताय, तर वजनाआधी गर्डल, म्हणजे हिऱ्याच्या कडेची जाडी, आणि व्यासाचे मिलिमीटर वाचा. नीट कापलेला असा हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिमी भरतो. गर्डल ‘एक्स्ट्रीमली थिक’ आणि व्यास ६.२ असेल, तर वजन कडेत दडलंय; पैसे एक कॅरेटचे, दिसणार जेमतेम ०.९०चा. तो भाव देऊ नका. फार पातळ कडही नको, जडवताना टवका उडतो.

फ्लुरोसन्स, म्हणजे अतिनील किरणांत हिऱ्याला येणारी चमक, ‘स्ट्राँग ब्लू’ असेल तर हिरा दुकानाच्या दिव्याखालून उन्हात आणा. डी-ई-एफ या सगळ्यात रंगहीन श्रेणींत त्यामुळे भाव उतरतो. उन्हात दुधाळ दिसला नाही, तर ती सवलत खुशाल घ्या.